सर, खेळायला मिळणं तुम्ही कसं मोजता?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, पुण्यातल्या एका क्रिकेट अकादमीत जातो. १९ एप्रिल ते ११ मे या काळात त्यांच्या संघाचे चौदा वर्षांखालील स्पर्धेत नऊ सामने झाले. लेदर बॉल, पंचवीस-पंचवीस षटकं. प्रत्येक सामन्याहून घरी आला की त्याची आजी दारातच विचारायची, "खेळलास का रे?" तो म्हणायचा, "खेळलो." किती धावा, असं विचारलं की "बॅटिंग आली नाही." बॉलिंग? "दिली नाही." मग तो बूट काढायला बसायचा आणि आजी पाणी आणायला जायची.

नवव्या सामन्यानंतर माझे भाईजान घरी आले होते. त्यांनी हे संभाषण ऐकलं आणि पोरगा आंघोळीला गेल्यावर मला म्हणाले, "तुला कळत नाही का? नाव बघतात." मी काही बोललो नाही. कारण खरं सांगायचं तर हे वाक्य माझ्याही डोक्यात तीन आठवडे फिरत होतं. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोन ठेवला गेल्याचा अनुभव मी दोनदा घेतला आहे. ज्याने तो घेतला आहे त्याचं मन पुढच्या प्रत्येक बंद दाराशी आधी तेच कारण नेऊन ठेवतं. यात आपली चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण कारण नेऊन ठेवणं वेगळं आणि ते तिथे आहे का हे तपासणं वेगळं. त्या तपासणीबद्दलच हा लेख आहे.

त्या रात्री अकरा वाजता मी सरांना ईमेल लिहायला बसलो. विषय लिहिला, "अन्यायाबाबत". पहिल्याच ओळीत संघातल्या दुसऱ्या एका मुलाचं नाव होतं, त्याला कसं दर सामन्यात सलामीला पाठवतात वगैरे. दर सामन्याचे चारशे रुपये आम्ही भरतो, याचा उल्लेख दोनदा होता. बाकी सगळ्या पालकांना त्याची प्रत जाणार होती. बायकोने ते वाचलं आणि एवढंच म्हणाली, "यात प्रश्न कुठे आहे?" खरोखरच नव्हता. सरांनी उत्तर द्यायचं ठरवलं असतं तरी कशाचं दिलं असतं? मी ते पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्कोअरिंगच्या अ‍ॅपवरून नऊही सामन्यांचे स्कोअरकार्ड काढले. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. एखादी गोष्ट कमी पडते आहे अशी तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, कमी म्हणजे किती, आणि मोजलं कशाने? तोच प्रश्न इथे विचारायला बसलो आणि लगेच अडलो.

फुटबॉलमध्ये हे सोपं असतं. मुलगा मैदानात किती मिनिटं होता ते घड्याळ सांगतं. क्रिकेटमध्ये अकरा जणांत नाव आलं की मुलगा पंचवीस षटकं उन्हात उभा राहतोच. फाइन लेगला उभा राहून तीन चेंडू अडवलेला मुलगाही "सामना खेळला" असंच कागदावर लिहिलं जातं. त्या हिशोबाने माझा मुलगा नऊपैकी सात सामने खेळला होता, म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती. आजीचा प्रश्न आणि पोराचं उत्तर दोन्ही बरोबर होती. दोघांच्या डोक्यातलं "खेळणं" मात्र निराळं होतं.

बरं, मग चेंडू मोजावेत? सात डावांत आमचा संघ साधारण ९६० चेंडू खेळला. त्यातले माझ्या मुलाच्या वाट्याला ३१ आले. पहिल्या तिघांना मिळून ५६०. आकडा ओरडतोय असं वाटलं. पण हेही माप खोटं आहे, कारण क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला की सलामीवीरही एकच चेंडू खेळतो आणि त्याला संधी मिळाली नाही असं कुणी म्हणत नाही. बाद कधी व्हायचं हे सर ठरवत नाहीत. सर ठरवतात फक्त दोन गोष्टी, कोण कितव्या क्रमांकावर जाईल आणि चेंडू कुणाच्या हातात जाईल. (कागदोपत्री हे कर्णधार ठरवतो. तेरा वर्षांचा कर्णधार प्रत्येक षटकानंतर सीमारेषेकडे बघतो, हे कुणीही मैदानावर जाऊन पाहावं.)

म्हणून मी तिसरं माप धरलं. मुलगा फलंदाजीला उतरला तेव्हा डावातले किती चेंडू शिल्लक होते? हे माप मला आजही बरं वाटतं, कारण त्यात मुलाचं कौशल्य फार येत नाही, त्याला किती दार उघडून दिलं तेवढंच येतं. सलामीवीरासाठी दर वेळी दीडशे. माझा मुलगा सातपैकी चार डावांत उतरला, आठव्या ते दहाव्या क्रमांकावर, आणि तेव्हा शिल्लक होते अनुक्रमे १४, ८, २२ आणि ११ चेंडू. एकूण ५५, तेही समोरच्या जोडीदारासोबत वाटून घ्यायचे. त्यातले ३१ तो खेळला. ज्याला दर वेळी आल्याआल्या बॅट फिरवावी लागते त्याच्या धावा बघून "याला डाव उभारता येत नाही" असं म्हणणं सोपं असतं, हे इथे लक्षात आलं.

गोलंदाजीचं गणित याहून कठोर आहे. एका गोलंदाजाला डावातल्या षटकांच्या जास्तीत जास्त एक पंचमांश षटकं टाकता येतात. पंचवीस षटकांत पाच. म्हणजे पाच गोलंदाजांनी पाच-पाच टाकली की डाव संपला, सहाव्याची गरजच नाही. पाच फलंदाज, पाच गोलंदाज आणि त्यांतला किंवा त्यांबाहेरचा एक यष्टिरक्षक धरला की सामना चालतो. जो मुलगा वरच्या पाचांतही नाही आणि गोलंदाजीच्या पाचांतही नाही, तो नियमाने अकरांत असतो आणि प्रत्यक्षात कुठेच नसतो. माझ्या मुलाने सात सामन्यांत तीन षटकं टाकली होती.

अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलच्या लिटल लीगने हा गुंता नियमातच सोडवला आहे. तिथे प्रत्येक मुलाला सामन्यात निदान एकदा बॅटिंगला उतरवावं लागतं आणि समोरच्या संघाचे काही गडी बाद होईपर्यंत मैदानात ठेवावं लागतं. आपल्याकडच्या अकादम्यांना तोच नियम उचलून आणा असं मी म्हणत नाही. पण त्यांनी एकक ठरवलं आहे, आणि एकक ठरलं की पालक आणि प्रशिक्षक निदान एकाच गोष्टीबद्दल भांडतात.

आकडे हातात आले तरी "का" हे त्यांत नव्हतं. ते सरांनाच विचारायला हवं होतं. सामन्याचा दिवस टाळून, मंगळवारी सकाळी मी हे ईमेल पाठवलं, फक्त सरांना:

"नमस्कार सर,

तुम्ही मुलांवर घेत असलेल्या मेहनतीबद्दल मनापासून आभार. मी माझ्या मुलाच्या सहभागाबद्दल दोन-तीन गोष्टी समजून घेऊ इच्छितो. त्याला वरच्या क्रमांकावर पाठवा अशी ही विनंती नाही, निर्णय तुमचाच आहे.

नऊ सामन्यांपैकी सातमध्ये तो अकरांत होता. चार वेळा फलंदाजी आली, उतरला तेव्हा १४, ८, २२ आणि ११ चेंडू शिल्लक होते. एकूण तीन षटकं टाकली. यात माझी मोजण्यात चूक असेल तर सांगा.

पहिला प्रश्न, मुलाला खेळायला मिळालं की नाही हे तुम्ही कशावरून मोजता? सामने, चेंडू, षटकं की आणखी काही?
दुसरा, फलंदाजीचा क्रम आणि गोलंदाज ठरवताना कोणत्या गोष्टी बघता, आणि हे केव्हा ठरतं?
तिसरा, त्याने नेमकं काय सुधारावं? हे शक्य असेल तर तुम्ही त्यालाच सांगावं, तुमचं तो जास्त ऐकतो.

दुसऱ्या कोणत्याही मुलाशी मला तुलना करायची नाही. सवडीने कळवा, भेटूनही बोलता येईल."

एका मित्राने हे वाचून मला भित्रा म्हटलं. असेलही. पण प्रत्येक ओळ का आहे ते मला माहीत होतं. आपले आकडे आधी दिले म्हणजे सरांना ते नाकारता येतात किंवा दुरुस्त करता येतात, मोघम "खेळवत नाही"ला नाकारताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही. दुसऱ्या मुलाचं नाव घेतलं असतं तर सर त्या मुलाचा बचाव करत बसले असते आणि तो करणं योग्यच होतं. आणि "नाव बघता का" हा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर खरं असो वा खोटं, एकच येतं, "छे, छे!" पक्षपात होतो का हे विचारून कळत नाही. निकष काय आहे हे विचारायचं आणि मग तो सगळ्यांना सारखा लागतो का हे बघायचं, एवढंच आपल्या हातात असतं. निकष दर वेळी बदलून सांगितला जात असेल, किंवा जो आपल्या मुलाला लावला तो इतरांना माफ होत असेल, तर मग बोलायला जागा आहे. आणि तेव्हा हे पहिलं सभ्य ईमेल पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

सरांचा दोन दिवसांनी फोन आला. "लिहून पाठवू की बोलू?" मी म्हटलं, "सर, दोन्ही चालेल." त्यांनी आधी बोलणं केलं आणि मग हजेरीवहीच्या पानांचे फोटो पाठवले, फक्त माझ्या मुलाच्या ओळीचे, वरखाली कागद ठेवून झाकलेले. मला तो माणूस तिथेच आवडला.

निकष होता हजेरी. १ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात सरावाचे ६० दिवस झाले, माझा मुलगा ३९ दिवस आला होता. ६५ टक्के. सरांची रेषा ७५ ची. त्याखालच्या मुलाला संघात ठेवायचं, पण वरच्या पाच फलंदाजांत किंवा पाच गोलंदाजांत घ्यायचं नाही. "जो नेटमध्ये घाम गाळतो त्याचा हक्क आधी, बरोबर ना?" असं त्यांनी विचारलं. बरोबरच होतं. फक्त ही रेषा आहे हे कुणा पालकाला कधी सांगितलेलं नव्हतं.

आता तारखा बघा. २०२५ चा रमजान २ मार्चला सुरू झाला, ३१ मार्चला ईद. सराव मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार, साडेचार ते सात. मार्चमध्ये पुण्यात सूर्य मावळतो पावणेसातच्या आसपास, म्हणजे इफ्तार नेट संपायच्या आतच. त्या महिन्यात सरावाचे १७ दिवस आले, त्यांतले १४ माझा मुलगा चुकला. तो महिना बाजूला काढला तर उरलेल्या ४३ दिवसांपैकी तो ३६ दिवस हजर होता, म्हणजे ८४ टक्के. हे गणित मी वहीच्या फोटोवरून केलं तेव्हा क्षणभर वाटलं, भाईजान बरोबर होते, फक्त नावाऐवजी छेदाने केलं. कारण दिवाळीत अकादमी आठ दिवस बंद असते, गणपतीत विसर्जनाला बंद असते. बंद दिवस छेदात येतच नाहीत, म्हणून त्या सुट्ट्यांनी कुणाचीच टक्केवारी उतरत नाही. रमजानची प्रत्येक संध्याकाळ मात्र छेदात होती. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण बहुसंख्यांच्या पंचांगावर बेतलेला साधा भागाकारसुद्धा एका मुलाला नवव्या क्रमांकावर नेऊ शकतो, हे मी कागदावर पाहिलं.

इथे थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण वहीत आणखी एक खूण होती, काही गैरहजेऱ्यांपुढे लाल "प". मी सरांना विचारलं. "परवानगी. आधी कळवलं असेल तर तो दिवस मी धरत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळी तीन पोरांच्या वडिलांनी मेसेज केला होता. तुम्ही काही कळवलंच नाही. मी समजलो, पोराला कंटाळा आला." म्हणजे सोय होती. ती मला माहीत नव्हती हे खरं, पण महिनाभर मुलाला पाठवत नाही तर सरांना एक ओळ लिहावी, यासाठी सोय माहीत असायची काय गरज होती? आपण गृहीत धरतो की रमजान आहे हे सगळ्यांना माहीत आहे. रमजान आहे हे त्यांना माहीतही असेल. माझा मुलगा त्यामुळे येत नाही, हे त्यांना कुठून कळणार?

आणि याहून अडचणीची गोष्ट घरातच होती. त्या रमजानमध्ये मुलाने नऊ रोजे ठेवले. बारा वर्षांच्या मुलावर ते सगळे फर्ज नसतात, त्याने हौसेने ठेवले. नऊपैकी सहा सरावाच्या दिवशी आले. म्हणजे १४ गैरहजेऱ्यांपैकी रोज्यामुळे झालेल्या सहाच. उरलेले आठ दिवस त्याचा रोजा नव्हता, माझा होता. मला इफ्तारला घरी पोचायचं होतं आणि अकादमीत सोडून परत आणायला दुसरं कुणी नव्हतं. ते सहा दिवस परवानगीचे धरले तर हिशोब होतो ५४ पैकी ३९, म्हणजे ७२ टक्के. रेषेच्या खालीच. मी हा भागाकार तीनदा केला.

भाईजानना हे सांगितलं. ते म्हणाले, "तू उगाच त्यांची बाजू घेतोस." मी म्हटलं, स्कोअरकार्ड बघा, आणखी दोन मुलं तशीच खाली खेळत होती. सरांनी त्यांची नावं घेतली नाहीत, पण आठ-नऊ-दहा नंबरला फिरणारे तीन चेहरे कुणालाही दिसतात. त्यांतला एक गावी लग्नसराईला गेला होता. त्याच्या वडिलांनाही आपल्या पोरावर अन्याय होतो असं वाटत होतं, त्यांनी त्याला दुसरं कारण दिलं होतं, सर म्हणे विशिष्ट सोसायटीतल्या पोरांना धरून असतात. भाईजानना हे फारसं पटलं नाही. घर नाकारलं गेल्याच्या गोष्टी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात, आणि त्या खोट्या नाहीत.

मी सरांना दुसरं ईमेल लिहिलं, आभाराचं. त्यात दोन सूचना होत्या. हजेरीची रेषा आणि "प"ची सोय ग्रुपवर लिहून टाकावी. आणि रमजानमध्ये ज्या मुलांना संध्याकाळी जमत नाही त्यांना रविवारच्या सकाळच्या लहान बॅचसोबत फिटनेस करू द्यावं आणि ती हजेरी धरावी. संपूर्ण महिना माफ करा, असं मी मागितलं नाही. नेटमध्ये न आलेल्या मुलाला नवा चेंडू द्या असं म्हणणं बाकीच्या पोरांवर अन्याय ठरेल. एका पालकाने ग्रुपवर विचारलंच, "मग उद्या प्रत्येक जण आपापल्या सणाची सूट मागेल." सरांनी उत्तर दिलं, "मागा, आधी मागा."

सरांनी ग्रुपवर चार ओळी टाकल्या. ७५ टक्क्यांची रेषा. परवानगी आदल्या दिवसापर्यंत. स्पर्धेच्या सामन्यात निर्णय पूर्णपणे त्यांचा. आणि सराव सामन्यात प्रत्येक मुलाला निदान बारा चेंडू खेळायला किंवा दोन षटकं टाकायला मिळतील, बारा चेंडूंच्या आत बाद झाला तरी तो उरलेले खेळेल. ही शेवटची ओळ मी सुचवली नव्हती. क्रिकेटच्या नियमांत ती बसत नाही, पण दोन्ही संघांच्या सरांनी आधी ठरवलं तर सराव सामन्यात तिला कोण अडवणार?

स्पर्धेतला त्याचा क्रम लगेच बदलला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांनी त्याला नेटच्या मागे नेऊन दिलं, घरी आल्यावर त्याने ते मला सांगितलं. वेगवान चेंडूला त्याचा पुढचा पाय लेगकडे निघून जातो, आणि नॉनस्ट्रायकर असताना तो चेंडूकडे बघत राहतो, धाव घ्यायला उशीर करतो. "सर म्हणाले, हजेरी तुझ्या अब्बांनी सुधारायची, पाय तू."

जूनच्या पहिल्या रविवारी सराव सामना झाला. तो सहाव्या क्रमांकावर उतरला, चौथ्या चेंडूवर बाद झाला, ठरल्याप्रमाणे उरलेले आठ खेळला आणि परत एकदा बाद झाला. मग दोन षटकं टाकली, एकोणीस धावा दिल्या, त्यांत तीन वाइड. घरी आला तेव्हा आजी दारात होती.

"खेळलास का रे?"

"खेळलो," तो म्हणाला, "पण लई वाईट."